सहा ओळी की आठ? : एका प्रक्रियेच्या विभाजनाचे गणित

संगणकावर चालू असलेल्या आज्ञावलीला प्रक्रिया असे म्हणतात. युनिक्स आणि तिच्या कुळातील प्रणालींमध्ये नवी प्रक्रिया जन्माला घालण्याची मूळ रीत मोठी चमत्कारिक आहे. तेथे नवी प्रक्रिया कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. चालू प्रक्रियाच स्वतःची एक हुबेहूब प्रत काढते. या क्रियेचे नाव ‘फोर्क’. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९-७० च्या सुमारास पीडीपी-७ या यंत्रावर जे पहिले युनिक्स उभारले, त्यात ही क्रिया यंत्रभाषेच्या अवघ्या २७ ओळींत बसली होती, असे रिची यांनीच पुढे नमूद केले आहे.

‘फोर्क’ला मराठीत ‘फाटा’ म्हणण्याचा मोह होतो. रस्त्याला फाटा फुटतो हे खरे; परंतु फाट्यावर आलेला वाटसरू एकाच वाटेने जातो. येथे वाटसरूच दुणावतो. म्हणून मूळ शब्दच ठेवणे बरे.

या दुणावण्यावर आधारलेला एक प्रश्न विद्यार्थ्यांना वारंवार घातला जातो. फोर्क इतक्या वेळा बोलावला, तर प्रक्रिया किती आणि छापलेल्या ओळी किती? २०१२ च्या गेट परीक्षेत लागोपाठ तीन फोर्क देऊन अपत्य प्रक्रियांची संख्या विचारली होती. तिचे उत्तर सात. दर फोर्कला सर्व हयात प्रक्रिया दुप्पट होतात, म्हणून तीन फोर्कनंतर एकूण आठ. त्यांतील मूळची एक अपत्य नव्हे. हा एक वजा करण्यास विसरणे ही नेहमीची चूक आहे. परंतु ती किरकोळ होय. खरा पेच ओळी मोजताना पडतो, आणि त्याकरिता पुढील लहानशी आज्ञावली पुरेशी आहे.

```c
#include <stdio.h>
#include <unistd.h>

int main(void)
{
    int i;
    for (i = 0; i < 2; i++) {
        fork();
        printf("%d %d\n", i, getpid());
    }
    return 0;
}
```

प्रत्येक ओळीत दोन आकडे छापले जातील : पहिला फेरीचा आणि दुसरा छापणाऱ्या प्रक्रियेचा ओळख-क्रमांक. मूळ प्रक्रियेला आपण ‘क’ म्हणू. पहिल्या फेरीत ‘क’ने ‘ख’ला जन्म दिला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ‘ख’ आज्ञावलीच्या आरंभापासून चालू लागत नाही. ‘क’च्या स्मृतीबरोबर ‘क’ कोठवर पोहोचला होता ही जागाही तिला वारशाने मिळते. म्हणून फोर्कच्या लगेच पुढील पायरीपासून, `i` चे मूल्य शून्य असतानाच, ती चालू लागते. दोघींनी एकेक ओळ छापली. दोन ओळी झाल्या. दुसऱ्या फेरीत ‘क’पासून ‘ग’ आणि ‘ख’पासून ‘घ’ जन्मली. आता चौघी आहेत आणि प्रत्येकीने एकेक ओळ छापली. दोन आणि चार मिळून सहा.

हे उत्तर पडद्यावर पडताळून पाहता येते. तेथे सहाच ओळी उमटतात. मात्र त्यांच्या क्रमाची हमी नाही. चौघींपैकी कोणीच कोणासाठी थांबत नसल्यामुळे ‘घ’ची ओळ ‘ख’च्या दुसऱ्या ओळीआधी येऊ शकते. कित्येकदा ‘क’ संपून पुढील आज्ञेसाठीचे चिन्ह पडद्यावर येते आणि त्यानंतर उरलेल्या ओळी रेंगाळत येतात.

आता ओळी डोळ्यांनी मोजण्याऐवजी मोजण्याचे काम संगणकालाच सांगावे :

```
./a.out | wc -l
```

उत्तर येते आठ! आज्ञावलीतील एक अक्षरही बदललेले नाही. बदलले आहे ते एवढेच की, तिचे लेखन पडद्याऐवजी दुसऱ्या आज्ञावलीकडे चालले आहे. मोजण्याच्या कृतीनेच मोजावयाची वस्तू वाढवली.

याचे मूळ फोर्कमध्ये नसून `printf` या छापणाऱ्या फलनाच्या काटकसरीत आहे. प्रत्येक ओळ तत्काळ बाहेर धाडणे महाग पडते, कारण त्यासाठी दर वेळी प्रणालीच्या गाभ्याची मदत मागावी लागते. म्हणून मजकूर आधी प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीतील एका राखीव जागेत साठवतात. या जागेला बफर म्हणतात. लेखन पडद्याकडे जात असेल, तर ओळ संपताच बफर रिकामा केला जातो. समोर बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवणे बरे नव्हे. परंतु लेखन फाइलकडे किंवा दुसऱ्या आज्ञावलीकडे जात असेल, तर बफर भरेपर्यंत अथवा प्रक्रिया संपेपर्यंत मजकूर तसाच पडून राहतो.

हे लक्षात ठेवून पुन्हा हिशेब करू. पहिल्या फेरीनंतर ‘क’ आणि ‘ख’ यांच्या बफरांत एकेक ओळ आहे. बाहेर काहीच गेलेले नाही. दुसऱ्या फेरीत फोर्क झाला, तेव्हा सर्व स्मृतीची प्रत निघाली आणि बफर हा तिचाच भाग. म्हणजे ‘ग’ जन्मली तीच ‘क’ची न धाडलेली ओळ पदरात घेऊन, ‘घ’ही ‘ख’ची ओळ घेऊन आली. मग चौघींनी आपापली दुसरी ओळ बफरात घातली आणि संपताना प्रत्येकीने दोन दोन ओळी बाहेर टाकल्या. चार दुणे आठ.

यावर विश्वास बसत नसेल, तर ओळींनाच साक्षीला बोलवावे. `./a.out | sort | uniq -c` अशी आज्ञा दिली असता सारख्या ओळी एकत्र होऊन त्यांची संख्या पुढे छापली जाते. ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ यांचे क्रमांक अनुक्रमे ४१०१ ते ४१०४ आहेत असे धरले (प्रत्यक्षात ते दर वेळी निराळे असतील), तर पुढील चित्र दिसेल :

```
2 0 4101
2 0 4102
1 1 4101
1 1 4102
1 1 4103
1 1 4104
```

पहिल्या फेरीच्या ओळी दोनदा आल्या आहेत. विशेष हे की, जादा ओळींवरही क्रमांक ‘क’ आणि ‘ख’चेच आहेत. ‘ग’ने बाहेर धाडलेली ओळ तिच्या जन्मापूर्वीच ‘क’च्या क्रमांकासह लिहून झाली होती. अर्थात, छपाईची आज्ञा सहा वेळाच पाळली गेली. दुणावले ते वारशाने आलेले कागद.

फेऱ्या वाढल्या की दोन हिशेबांतील अंतरही वाढते. पडद्यावर `n` फेऱ्यांच्या ओळी 2 + 4 + 8 अशा मिळवत जाव्या लागतात. बफर साठत असेल, तर अखेरच्या `2^n` प्रक्रियांपैकी प्रत्येकीकडे `n` ओळी असतात. तीन फेऱ्यांना हे आकडे १४ आणि २४ होतात. परंतु दुसरे सूत्र मजकूर थोडा असेल तोवरच खरे. ओळी लांबलचक असून बफर मध्येच भरला, तर काही मजकूर फोर्कपूर्वीच निघून जातो आणि उत्तर दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते.

उपाय अगदी साधा आहे. फोर्कच्या आधी `fflush(stdout);` ही आज्ञा घातली, म्हणजे बफर रिकामा होतो, अपत्याला वारसा कोरा मिळतो आणि ओळी सर्वत्र सहाच येतात. याउलट, ओळीच्या शेवटचे `\n` गाळून मध्ये साधी मोकळी जागा ठेवली, तर पडद्यावरदेखील आठ नोंदी दिसू लागतात, कारण ओळ संपल्याची खूणच बफराला मिळत नाही. परीक्षेतील प्रश्नांत हे `\n` आहे की नाही, हे प्रथम पाहावे. ते असेल आणि लेखन कोठे जाते हे सांगितले नसेल, तर पडदा गृहीत धरून सहा हे उत्तर देण्याची प्रथा आहे. तथापि प्रश्न अपुरा आहे, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी तरी चूक ठरवणार नाही.