डोळ्यांचा रंग बदलताना बुबुळ सपाट का दिसतं?

२०१३ साली प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या कारेल क्लाइसनर आणि सहकाऱ्यांनी एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून, कोणता चेहरा किती विश्वासार्ह वाटतो, हे विचारलं. तपकिरी डोळ्यांच्या चेहऱ्यांना निळ्या डोळ्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. इथेच थांबले असते तर 'तपकिरी डोळे म्हणजे विश्वास' असा मथळा झाला असता. पण त्यांनी पुढे त्याच चेहऱ्यांवर बुबुळांचा रंग बदलून पाहिला आणि तो परिणाम दिसेनासा झाला. म्हणजे कारण रंग नव्हतं, तपकिरी डोळ्यांसोबत आढळणारी चेहऱ्याची ठेवण होती.

आता विचार करा, रंग बदललेले डोळे काचेच्या गोटीसारखे दिसले असते तर? बघणाऱ्याला 'काहीतरी विचित्र आहे' एवढंच जाणवलं असतं आणि गुण त्या विचित्रपणाला पडले असते. निष्कर्षच गेला. संशोधनात फोटोतला डोळ्याचा रंग बदलणं हे प्रायोगिक उपचार देण्यासारखं आहे. रंग बदलायचा, पण फक्त रंगच. हे वाक्य लिहायला सोपं आहे. मी एका मैत्रिणीच्या प्रयोगासाठी असे फोटो करून द्यायला घेतले तेव्हा पहिला संच बघून ती म्हणाली, "अगं, हे तर दुकानातल्या पुतळ्याचे डोळे आहेत." ते पुतळ्याचे का झाले आणि नंतर कसे सुधारले, ते सांगते.

आधी फोटोत नेमकं काय असतं ते बघू. बुबुळाच्या समोर पारदर्शक पारपटल असतं आणि त्यावर अश्रूंचा पातळ थर. खिडकीचा किंवा दिव्याचा जो पांढरा ठिपका डोळ्यात चमकतो, ज्याला फोटोग्राफर कॅचलाइट म्हणतात, तो या पारपटलावरून परावर्तित झालेला असतो. तो बुबुळावर नसतोच, बुबुळाच्या समोर असतो. त्याचा रंग दिव्याचा, बुबुळाचा नाही. त्यामुळे डोळा निळा केला आणि कॅचलाइटही निळसर झाला, तर दिव्याचा रंग बदलल्यासारखं होतं, आणि ते मेंदूला लगेच खटकतं. बुबुळ स्वतः मात्र धाग्यांच्या जाळ्यासारखं असतं. बाहुलीभोवती थोडा वेगळ्या छटेचा भाग, मध्ये तंतू आणि खळगे, बाहेरच्या कडेला गडद वलय.

पहिल्या प्रयत्नात मी बुबुळावर एकच निळा रंग अर्धपारदर्शक ओतला होता. तंतूंचा उजेड-अंधार त्या रंगाखाली दबला. हा सपाटपणा सगळ्यांनाच दिसतो. मग संपादन सॉफ्टवेअरमधला 'कलर' ब्लेंड मोड वापरला. त्यात उजळपणा मूळचाच राहतो, रंग तेवढा बदलतो. बरंच सुधारलं, तरी डोळा रंगीत काचेतून बघितल्यासारखा वाटत होता. कारण आता प्रत्येक पिक्सेलला एकच छटा मिळाली होती. खऱ्या बुबुळात उजळपणाबरोबर छटाही जागोजागी बदलते. म्हणजे पोत दोन ठिकाणी असतो, उजळपणात आणि रंगातही. आपण रंगातला पोत पुसून टाकत होतो.

म्हणून काम लॅब रंगपद्धतीत करायचं. त्यात L म्हणजे उजळपणा (० ते १००), a म्हणजे हिरवा ते लाल, b म्हणजे निळा ते पिवळा. युक्ती अशी की a आणि b ला नवी किंमत द्यायची नाही, त्यांची सरासरी सरकवायची. प्रत्येक पिक्सेल सरासरीपासून जितका दूर होता, साधारण तितकाच दूर राहू द्यायचा. याचा एक छान परिणाम होतो. तपकिरी बुबुळात उजळ तंतू बहुधा जास्त पिवळे असतात. सगळं निळ्याकडे सरकवलं की तेच तंतू कमी निळे, म्हणजे राखाडी-पांढरट होतात. खऱ्या निळ्या डोळ्यातही तंतू तसेच दिसतात.

माझ्या एका फोटोतलं उदाहरण घेऊ. बुबुळाची सरासरी L = 22, a = 8, b = 12 होती. मला हवी होती करडी-निळी छटा, L = 44, a = -3, b = -14. नुसते a आणि b सरकवून भागत नाही, कारण २२ उजळपणाचा निळा लांबून काळाच दिसतो. L वाढवावाच लागतो, आणि खरी गंमत इथे आहे.

मी आधी सरळ L ला दोनाने गुणलं. कॅचलाइटचा मधला भाग मी मास्कने वगळला होता, पण त्याची कड म्हणजे बुबुळ आणि दिवा यांचं मिश्रण. तिथला L साधारण ६०, त्याचे झाले १२०, म्हणजे पूर्ण पांढरं. छोटासा ठिपका फुगून डाग झाला. तुम्हाला कॅचलाइट मूळपेक्षा मोठा दिसला, तर हेच झालंय असं समजा. उपाय म्हणजे गुणाकाराऐवजी गॅमा वक्र, जो अंधाऱ्या भागाला जास्त उचलतो आणि वरच्या टोकाला हळूहळू मूळ किमतीला येऊन मिळतो. २२ चे ४४ व्हायचे तर गॅमा साधारण ०.५४ येतो.

```python
lab = cv2.cvtColor(img.astype(np.float32)/255, cv2.COLOR_BGR2Lab)
L, a, b = cv2.split(lab)
keep = 1 - np.clip((L - 55)/25, 0, 1)
core = (M * keep) > 0.9
L0, a0, b0 = [x[core].mean() for x in (L, a, b)]
g = np.log(0.44) / np.log(L0/100)
L2 = 100 * (np.clip(L, 0, 100)/100)**g
a2 = -3 + 0.8*(a - a0)
b2 = -14 + 0.8*(b - b0)
L += T*keep*(L2 - L)
a += M*keep*(a2 - a)
b += M*keep*(b2 - b)
```

`keep` ही ओळ कॅचलाइट सांभाळते. L ५५ च्या खाली असेल तर पूर्ण बदल, ८० च्या वर शून्य, मध्ये हळूहळू. ५५ आणि ८० हे आकडे या फोटोचे आहेत, पाठ करू नका. मूळ डोळा घारा असेल तर बुबुळाचे उजळ तंतूच ५५ च्या पुढे जातील आणि त्यांचा रंग बदलणारच नाही, तपकिरी ठिपके उरतील. प्रत्येक फोटोत L चा हिस्टोग्राम बघून सीमा ठरवा. आणि खिडकीचं मोठं, फिकट प्रतिबिंब अर्ध्या बुबुळावर पसरलेलं असेल, तर कुठलीच सीमा चालत नाही. असे फोटो मी सरळ बाजूला ठेवते.

कोडमध्ये `M` आणि `T` असे दोन मास्क का? हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. `M` रंगाचा मास्क, बाहुली सोडून पूर्ण बुबुळावर, कडा मऊ केलेल्या. `T` उजळपणाचा मास्क. आधी दोन्हींना मी एकच मास्क वापरत होते. पण गॅमा वक्र सगळ्यात जास्त उचलतो तो गडद भाग. बुबुळाच्या कडेच्या वलयात L = 10 असेल तर त्याचे जवळपास २९ होतात. वलय फिकं पडतं, बुबुळ पांढऱ्या भागात विरघळल्यासारखं दिसतं. वरच्या पापणीची बुबुळावर पडणारी सावलीही अशीच उडते, आणि मग डोळा खोबणीत न बसता पुढे आल्यासारखा वाटतो. पुतळा! म्हणून `T` बाहेरच्या साधारण १५ टक्के त्रिज्येत शून्याकडे नेते, आणि पापणीच्या बाजूला त्याहून आधीच. रंग कडेपर्यंत जातो, उजळपणा अलीकडेच थांबतो. दोन्ही मास्कमधून बुबुळावर आलेल्या पापणीच्या केसांची जागा वगळायला विसरू नका, नाहीतर केस निळे होतात.

आता मर्यादा. तपकिरी बुबुळात पुढच्या थरातलं मेलॅनिन खालच्या तंतूंना झाकून टाकतं. निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पुढच्या थरांत मेलॅनिन कमी असल्याने प्रकाश विखुरतो आणि तंतू उघडे दिसतात. त्यामुळे गडद तपकिरी डोळ्यावरून निळा करताना जो पोत दिसायला हवा, तो दृश्य प्रकाशात काढलेल्या फोटोत नोंदलेलाच नसतो. बुबुळ ओळखणारी यंत्रं जवळचा अवरक्त प्रकाश वापरतात ते याचसाठी, त्यात मेलॅनिन बरंच पारदर्शक होतं. L कितीही ताणा, वर येतो तो नॉइज आणि जेपेगचे ८ × ८ चे चौकोन. जेपेगमध्ये तर रंगाची माहिती बहुधा निम्म्या रिझोल्यूशनवर साठवलेली असते, म्हणजे रंगातला पोत आधीच गेलेला. शक्य असेल तर रॉ फाइलच घ्या. आणि बुबुळ पुरेसं मोठं हवं. बुबुळाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर, चेहऱ्याची रुंदी साधारण १४० धरू. चेहरा ६०० पिक्सेल रुंद असेल तर बुबुळाला जेमतेम ५० पिक्सेल मिळतात. मला निदान दुप्पट लागतात.

घाऱ्या डोळ्यावरून तपकिरी करणं सोपं, तपकिरीवरून घारा करणं अवघड. ही विषमता प्रयोगात घातक ठरू शकते. एका गटाचे फोटो जास्त कृत्रिम दिसले तर तो फरक तुम्ही रंगाच्या खात्यावर लिहाल. यावर मी दोन गोष्टी करते. एक, मूळ आणि बदललेल्या फोटोची वजाबाकी करून फरक दसपट वाढवून बघते. कॅचलाइटच्या जागी काळं दिसलं पाहिजे. बुबुळाभोवती चमकती कडी दिसली तर मास्क बाहेर सांडलाय. मग कोर असलेल्या भागात L चं प्रमाण विचलन मोजते. आधी ४ असेल आणि नंतर १.५ झालं, तर सपाट. ९ झालं, तर पोत नाही, नॉइज वाढलाय.

दुसरी गोष्ट मैत्रिणीच्या मार्गदर्शकांनी सुचवली, आणि आता मी ती सोडत नाही. कुठलाच फोटो अस्पर्श ठेवायचा नाही. तपकिरी डोळ्यांचा एक संच तपकिरीतूनच तपकिरीत न्यायचा. तोच कोड, तेच मास्क, फक्त लक्ष्य वेगळ्या तपकिरी छटेचं. घाऱ्यांचंही तसंच. मग प्रयोगाची कल्पना नसलेल्या चार-पाच जणांना, ज्या आकारात सहभागींना दाखवणार त्याच आकारात, सगळे फोटो मिसळून दाखवायचे आणि कोणत्या डोळ्यांचा मूळ रंग बदललाय ते विचारायचं. आमच्या दुसऱ्या संचात सगळ्यांनी बोट ठेवलं त्या तीन फोटोंत बुबुळ ठीकच होतं. चूक अशी की मी फक्त एका डोळ्यातला पापणीच्या सावलीचा भाग `T` मधून वगळला होता, दुसऱ्यातला राहून गेला होता.