चिलटांची मोजदाद आणि जनुकांमधलं अंतर

जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं आपण हाताने हाकलून लावतो. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस मॉर्गन यांनी हीच ड्रोसोफिला माशी दुधाच्या बाटल्यांत वाढवली. तिची पिल्लं मोजता मोजता गुणसूत्रावर कोणतं जनुक किती लांब आहे, हे काढण्याची रीत हाती आली. परीक्षेत यावर हमखास गणित येतं. सूत्र पाठ असूनही मुलं तिथे चुकतात, कारण माशा डोळ्यांसमोर आणलेल्या नसतात.

तर आधी माशा पाहू. नेहमीची माशी करड्या अंगाची, लांब पंखांची. दुसऱ्या एका वाणाचं अंग काळं आणि पंख खुरटे. या दोघींच्या संकरातून आलेली पिढी सगळी करडी आणि लांब पंखांची, कारण ही दोन्ही रूपं प्रभावी आहेत. आता या पिढीतली मादी काळ्या, खुरट्या पंखांच्या नराला दिली. नराकडून पिल्लांना फक्त अप्रभावी जनुकं मिळतात, त्यामुळे मादीच्या अंड्यात जे असेल तेच पिल्लाच्या अंगावर उघड दिसतं.

एकूण २३०० पिल्लं. करडी-लांब ९६५, काळी-खुरटी ९४४, करडी-खुरटी २०६, काळी-लांब १८५. ही दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली गेली असती, तर प्रत्येक गटात साधारण ५७५ पिल्लं आली असती. तसं झालं नाही. रंगाचं आणि पंखाचं जनुक एकाच गुणसूत्रावर असल्याने दोन्ही बहुतेक वेळा जोडीनेच पुढे गेली. हीच सहलग्नता.

मग २०६ आणि १८५ कुठून आली? अंडं तयार होताना आईची जोडीतली दोन गुणसूत्रं शेजारी येतात, एका जागी तुटतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करून पुन्हा जुळतात. यालाच क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. तुटण्याची जागा या दोन जनुकांच्या मध्ये आली, तर जुनी जोडी फुटून नवी जमते. अशी नव्या जोडीची पिल्लं २०६ + १८५ = ३९१.

३९१ ÷ २३०० × १०० = १७

पुनर्संयोगाचं प्रमाण १७ टक्के. एक टक्का म्हणजे नकाशावरचं एक एकक, मॉर्गन यांच्या नावाने सेंटीमॉर्गन. म्हणून अंतर १७.

आता चूक कुठे होते ते सांगतो. करडी-लांब माशी 'नेहमीची' म्हणून ती जुनी जोडी, असं डोळे मिटून धरलं जातं. पण आजी-आजोबा करडे-खुरटे आणि काळे-लांब असते, तर तेच दोन गट मोठे आले असते आणि करडी-लांब माशी नवी जोडी ठरली असती. म्हणून नावं बघू नका, आकडे बघा: दोन मोठे गट जुने, दोन लहान गट नवे. उत्तर ५० टक्क्यांच्या वर गेलं, तर गट उलटे धरलेत असं समजा. एका जागच्या अदलाबदलीत चार धाग्यांपैकी दोनच भाग घेतात. त्यामुळे प्रत्येक वेळी अदलाबदल झाली, तरी नव्या जोड्या निम्म्याच निघतात.

आणि संकरित माशी मादीच हवी. ड्रोसोफिलाच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही. संकरित नर घेतला, तर लहान गट शून्य येतात.

अशा अंतरांवरून नकाशा काढता येईल, हे पदवीचं शिक्षण घेणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टव्हंट यांच्या लक्षात आलं. १९११ मध्ये, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून, एका रात्रीत त्यांनी पहिला नकाशा मांडला. तो १९१३ मध्ये छापून आला.

आपल्या गणितात डोळ्यांचा भडक लाल रंग देणारं तिसरं जनुक आणू. काळा रंग ते लाल डोळा ९, लाल डोळा ते खुरटे पंख ९.५. सर्वांत मोठं अंतर १७ चं, म्हणून त्या दोन टोकांच्या मध्ये लाल डोळा बसतो. पण ९ + ९.५ = १८.५ होतात, १७ नाही. काही अंड्यांत दोन ठिकाणी अदलाबदल झाली, एकदा लाल डोळ्याच्या अलीकडे, एकदा पलीकडे. मधलं जनुक बदललं, पण टोकांची जोडी पुन्हा जुनीच झाली. फक्त रंग आणि पंख पाहून मोजणाऱ्याने ती पिल्लं जुन्या गटात टाकली, म्हणून बेरीज कमी भरली. नकाशावर १८.५ च धरतात. तीन जनुकांच्या गणितात आठ गट दिले असतील, तर सर्वांत कमी संख्येचे दोन गट याच दुहेरी अदलाबदलीचे. जुन्या जोडीशी ताडून त्यांत जे एकच जनुक बदललेलं दिसेल, ते मधलं.