कर्दळीखालची खडी

कर्दळ लावलेल्या वाफ्यात सांडपाणी सोडलं की झाडंच घाण शोषून घेतात, असं सर्रास सांगितलं जातं. शंभर मुलांच्या वसतिगृहाचा हिशेब मांडून पाहू. माणशी रोज १० ग्रॅम धरला, तरी वर्षाला साडेतीनशे किलोंहून अधिक नायट्रोजन सांडपाण्यात जातो. दीडशे चौरस मीटरच्या वाफ्यातली झाडं कापली, तर एका कापणीत त्यातला पाच-सात किलो बाहेर पडेल. कापलीच नाहीत, तर पानं कुजून तोही पुन्हा पाण्यात.

खरं काम चालतं ते झाडांखालच्या खडीत. प्रत्येक खड्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ फस्त करतो. पाणी खडीच्या आतून आडवं वाहतं, वर दिसत नाही, म्हणून डासही होत नाहीत. मात्र आत प्राणवायू तुटपुंजा असतो. मुळांमधून झिरपतो तो अगदी थोडा. त्यामुळे अमोनियाचं नायट्रेट फारसं होत नाही. तेही हवं असेल, तर वरून थोड्या थोड्या वेळाने पाणी सोडायचा उभा वाफा लागतो. दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात त्याच्या खडीत हवा शिरते.

आता आकार. माणशी रोज १०० लिटर म्हणजे दिवसाला १० घनमीटर पाणी. गाळटाकीतून निघताना त्याचा बीओडी, म्हणजे जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला २८० मिलिग्रॅम असेल आणि तो ३० वर आणायचा असेल, तर उष्ण हवेत सुमारे १५० चौरस मीटर जागा लागते. खोली अर्धा मीटर. खडीतली पोकळी ४० टक्के धरली, तर पाणी आत तीन दिवस राहतं.

हा वाफा लांबट पाटासारखा करावा, असं कुणालाही वाटेल. तिथेच फसगत होते. बारीक खडीतून आणि एक टक्का उतारावरून एवढं पाणी पुढे सरकायला रुंदी २३ मीटर लागते, लांबी जेमतेम साडेसहा! अरुंद केला की पाणी तुंबून वर येतं. जर्मनीत राइनहोल्ड किकुथ यांनी १९७४ मध्ये ओथफ्रेसेन इथे मातीचा वाफा केला. मुळं वाढली की माती पोकळ होईल, हा त्यांचा होरा होता. पण अशा वाफ्यांतली माती तितकी पोकळ झालीच नाही, पाणी वरूनच वाहत राहिलं. खडी आली ती त्यानंतर.

नीट आखलेला वाफाही हळूहळू तुंबतोच, आणि सुरुवात पाणी शिरतं त्या कडेला होते. तिथे काळं डबकं दिसलं, कुजका वास आला, तर बहुतेक वेळा गाळटाकी वेळेवर उपसलेली नसते. टाकी आधी रिकामी करावी, मग त्या कडेची मीटरभर खडी काढून धुवावी. उलट क्रमाने केलं, तर काही महिन्यांत पुन्हा तेच डबकं.