बफरमध्ये पास, रसात नापास

साखर कारखान्यात उसाचा कच्चा रस आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साडेपाचच्या आगेमागे. चुन्याचे दूध आणि गंधकाचा वायू सोडून तो सातच्या आसपास आणतात. आकडा खाली राहिला तर गरम रसातली साखर फुटते, फार वर गेला तर रस काळवंडतो. चुन्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे कंट्रोलर ठरवतो तो पाइपातल्या काचेच्या इलेक्ट्रोडवर विसंबून.

त्या इलेक्ट्रोडचे कॅलिब्रेशन म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या दोन द्रावणांत त्याची परीक्षा. आधी ७.०० चे बफर, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ४.०१ चे. दोन्ही ताजी, बाटलीतून वेगळी ओतलेली; वापरलेले बफर परत बाटलीत टाकू नये. २५ अंश सेल्सिअसला नवा इलेक्ट्रोड ७ ला शून्याजवळ मिलिव्होल्ट देतो आणि पीएच एकने बदलला की सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकतो. समजा, एका इलेक्ट्रोडने ७.०० ला १२ आणि ४.०१ ला १६२ मिलिव्होल्ट दाखवले. फरक १५०, हवा होता १७७. म्हणजे स्लोप ८५ टक्क्यांवर आला. मीटर ही तूट गणिताने भरून काढतो आणि कॅलिब्रेशन ‘ओके’ म्हणतो. म्हणून ‘ओके’वर थांबू नये. स्लोप आणि शून्याची चूक दर वेळी वहीत लिहावी. म्हातारपण एका आकड्यात नव्हे, उतरत जाणाऱ्या रांगेत दिसते.

खरी फसगत वेळेची आहे. बफरमध्ये आपण आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो; रस थांबत नाही. म्हणून ७ मधून ४ मध्ये बुडवताच घड्याळ लावावे. चांगला इलेक्ट्रोड काही सेकंदांत बहुतेक अंतर कापतो. तिथे मिनिट लागत असेल, तर काचेवर कॅल्शियमचा थर बसला आहे, संदर्भ इलेक्ट्रोडचे सच्छिद्र तोंड बुजले आहे किंवा काचच थकली आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे बुडवून, धुऊन, पुन्हा वेळ मोजावी. वेग परतला तर दोष थराचा होता. नाही परतला तर इलेक्ट्रोड बदलावा.

मंद इलेक्ट्रोडमुळे कंट्रोलरला बातमी उशिरा मिळते. चुना पुरेसा पडलेला असतो, तरी तो आणखी सोडतो. मग एकदम आवरता घेतो. पीएच झुलू लागतो. आणि आलेखावर हा झोका असतो त्यापेक्षा लहान दिसतो! इलेक्ट्रोडचा कालांक ३० सेकंद आणि झोका दोन मिनिटांचा असेल, तर खऱ्या चढउताराचा जेमतेम अर्धा भाग कागदावर उमटतो. रेघ संथ वाटते म्हणून कुणी गेन वाढवला, तर रसातले हेलकावे आणखी वाढतात.

नवा इलेक्ट्रोड येईपर्यंत गेन कमी करावा, इंटिग्रलचा वेळ वाढवावा, ट्रान्समीटरमधले डॅम्पिंग कमी करावे आणि दर थोड्या वेळाने रसाचा नमुना प्रयोगशाळेतल्या मीटरवर तपासावा. नवा बसवल्यावर जुने ट्यूनिंग परत घालायला विसरू नये.