शीर्षक बदललं, मग विक्री कशाने वाढली?

समजा, ऑनलाइन बाजारात तुम्ही कोकम आगळ विकता. ‘कोकम आगळ ५०० मिली’ हे जुनं शीर्षक, ‘सोलकढीसाठी कोकम आगळ, बिनसाखरेचं’ हे नवं. नवं शीर्षक मे महिन्यात लावलं आणि विक्री वाढली, तर श्रेय शीर्षकाचं की उन्हाळ्याचं? म्हणून दोन्ही शीर्षकं आठवड्याआड आलटूनपालटून लावावीत. तेवढ्या काळात किंमत, फोटो, कूपन, जाहिरात कशालाही हात लावू नये. माल संपला तर तो आठवडा सरळ बाद करावा.

आता आकडे पाहू. दोन्ही शीर्षकं दहा-दहा हजार वेळा दिसली; जुन्यावर २०० क्लिक, नव्यावर २६०. हा फरक निव्वळ योगायोगाने पडणं कठीण. पण ऑर्डरी १० आणि ११. म्हणजे क्लिकमागे खरेदी पाच टक्क्यांवरून सव्वाचारवर आली. ही घट खरी मानू नये. इतक्या थोड्या ऑर्डरींत दोन-तीन गिऱ्हाइकं इकडची तिकडे झाली तरी चित्र उलटतं. चाचणी पुढे चालू ठेवावी.

एक गोष्ट मात्र सहज निसटते. शब्द बदलले की यादी वेगळ्या शोधांत दिसू लागते, म्हणजे पाहणारेच बदलतात. त्यामुळे किती वेळा दिसली, हा आकडाही रोज टिपावा.