दोन चमचे पावडर, एक पेला दूध

शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असते आणि पेल्यातलं दूध अजून अर्धंच संपलेलं असतं. "संपव पटकन, उंची वाढते त्यानं," असं आई म्हणते. पेल्यात दोन चमचे तपकिरी पावडर आणि वर एक चमचा साखर असते, कारण नुसत्या पावडरनं दूध 'लागत नाही'.

या पावडरचा वाद पेटला एप्रिल 2023 मध्ये. रेवंत हिमतसिंगका या तरुणानं एका चित्रफितीत बोर्नव्हिटाच्या डब्यावरचं साखरेचं प्रमाण मोठ्यानं वाचून दाखवलं. कंपनीनं कायदेशीर नोटीस पाठवली, चित्रफीत काढली गेली, पण तोवर ती लाखोंनी पाहिली होती. कंपनीनंच तेव्हा सांगितलेला आकडा होता 20 ग्रॅमच्या एका मात्रेत साडेसात ग्रॅम वरून घातलेली साखर, म्हणजे शंभर ग्रॅम पावडरीत 37 ग्रॅमहून थोडी जास्त. त्याच वर्षाच्या अखेरीस ती सुमारे 32 ग्रॅमवर आली.

हे पावडरचं झालं. आता अख्ख्या पेल्याचा हिशेब मांडू. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या पाच टक्क्यांच्या आत असावी, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे या मुलाच्या वाट्याला येते दिवसाला 21 ग्रॅम साखर. नव्या, कमी साखरेच्या डब्यातल्या दोन चमच्यांतून साडेसहा ग्रॅम येते आणि आईच्या एका चमच्यातून पाच. सकाळ-संध्याकाळ दोन पेले झाले की 23 ग्रॅम. बिस्किटं, जॅम, शेजारच्या वाढदिवसाचा केक अजून यायचाच आहे. शिवाय हे सपाट चमच्याचं गणित आहे. मुलं स्वतः घेतात तेव्हा चमचा शिगोशीग असतो.

आणि या बदल्यात पोटात जातं काय? 200 मिली गाईच्या दुधात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि 240 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यात पडणाऱ्या 20 ग्रॅम चॉकलेटी पावडरीत प्रथिनं असतात जेमतेम दीड ग्रॅम. म्हणून पोषणाचा तक्ता वाचताना 'दुधासह' असं लिहिलेलं आहे का, ते आधी पाहावं. त्यातलं बरंचसं श्रेय दुधाचं असतं, डब्याचं नव्हे.

पावडर निव्वळ फसवणूक आहे, असं मात्र नाही. लोह, जस्त, ड आणि ब-12 ही जीवनसत्त्वं तिच्यात मुद्दाम मिसळलेली असतात आणि अनेक मुलांना ती कमी पडतात, हेही खरं. पण त्यांना साखरेच्या सोबतीची गरज नसते. त्यात लोह दुधातून द्यायचं म्हणजे उलटी गंगा, कारण कॅल्शियम लोह शोषू देत नाही. त्यापेक्षा लिंबू पिळलेली मटकीची उसळ बरी.

गंमत अशी की 'माल्ट' हे काही परकं रसायन नाही. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवून भाजायचं. मोड येताना धान्यात विकर तयार होतात, ते पिष्टाचं रूपांतर माल्टोज नावाच्या साखरेत करतात; म्हणून चव गोडसर लागते आणि खीर पातळ राहते. विल्यम आणि जेम्स हॉर्लिक या भावांनी अमेरिकेत जव, गहू आणि दूध घेऊन हेच केलं आणि 1883 मध्ये पेटंट मिळवलं. कोकणातली आजी नाचणीचं सत्त्व करताना मोड काढते, तेव्हा तीही माल्टच करत असते. फरक पुढे पडतो. कारखान्यात त्यावर साखर, कधी लिक्विड ग्लुकोज, कोको आणि रंग चढतो. आजीच्या डब्यात नाचणीच असते आणि गूळ किती घालायचा, ते तिच्या हातात असतं. (गूळही साखरच, हे आजीला पटवणं अवघड.) सत्त्व काही चमत्कार करत नाही, दोन चमच्यांतून मिळणारं कॅल्शियम दुधापुढे थोडंच असतं.

उंचीचं काय? 2008 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं हॉर्लिक्सची 'उंच, बलवान, तल्लख' असा दावा करणारी जाहिरात अडवली. दाव्याला पुरेसा पुरावा नव्हता. भारतात एप्रिल 2024 मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही.

दूध नाकारणाऱ्या मुलासाठी डबा लगेच फेकायची गरज नाही. आधी वरची साखर बंद करावी. आठवडाभरानं दोन चमच्यांचा दीड, मग एक चमचा. मूल कुरकुर करेल, पण जीभही हळूहळू सरावते. चहाची साखर कमी करून पाहिलेल्या बापाला हे माहीत असतं.