भागीदारांच्या आद्याक्षरांतून व्यवसायनाम : स्मरणीयता व अर्थशून्यता यांची पारख

प्रस्तावना

भागीदारी संस्था स्थापन होताना नावाचा प्रश्न उपस्थित झाला की सर्व भागीदारांची आद्याक्षरे एकत्र करून नाव सिद्ध करण्याचा मार्ग सहज सुचतो. कोणाचेही नाव वगळले जात नाही आणि मानापमानाचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजेच असे नाव भागीदारांमधील एक अडचण सोडविते. ते ग्राहकाचीही अडचण सोडविते काय, हा प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. असे नाव ग्राहकाच्या स्मरणात राहील की त्याला निरर्थक वाटेल, हे आधी कसे ओळखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अक्षरांचे नाव आणि शब्दाचे नाव

आद्याक्षरांपासून तयार होणारी नावे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक अक्षर सुटे उच्चारले जाते. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे डाल्सी, हिलब्लॉम व लिन या तिघांनी स्थापन केलेली ‘डी.एच.एल.’ ही संस्था याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात नावांचे आरंभीचे तुकडे जुळून एक शब्द बनतो. १९४५ साली अमेरिकेत मॅट्सन यांच्या ‘मॅट’ या टोपणनावातून आणि एलियट हँडलर यांच्या ‘एल’ या आरंभातून ‘मॅटेल’ हे खेळणी बनविणाऱ्या संस्थेचे नाव तयार झाले.

दोन्ही नावे मुळात अर्थशून्यच होती. तथापि ‘मॅटेल’ हा ऐकणाऱ्यास एकच शब्द वाटतो, तर ‘डी.एच.एल.’ ही तीन सुट्या अक्षरांची क्रमवार जुळणी आहे व तिचा क्रमही लक्षात ठेवावा लागतो. असे असूनही हे नाव रुजले, याचे कारण तिच्या व्यवसायाच्या स्वरूपात शोधावे लागेल. जहाज बंदरात पोहोचण्यापूर्वी त्याची मालविषयक कागदपत्रे विमानाने होनोलुलूला पोहोचविणे, हे तिचे आरंभीचे काम होते. तिचे ग्राहक म्हणजे तेच नाव कामानिमित्त पुनःपुन्हा पाहणाऱ्या व्यापारी कचेऱ्या होत्या. अशा ठिकाणी अक्षरांना अर्थ वापरातून प्राप्त होतो. वर्षातून दोनदा खरेदी करणाऱ्या घरगुती ग्राहकाच्या बाबतीत ही पुनरावृत्ती घडत नाही.

मूळ विस्तार ग्राहकास किती नगण्य असतो, हे ‘महिंद्रा अँड महिंद्रा’च्या इतिहासावरून स्पष्ट होते. १९४५ साली ही संस्था ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली संस्थेचे नाव बदलले; परंतु ‘एम अँड एम’ ही अक्षरे तीच राहिली. दुसऱ्या ‘एम’चा अर्थ पूर्णतः बदलूनही अक्षरांच्या उपयुक्ततेस बाधा आली नाही.

श्रवणातील अडचण

आर. कॉनरॅड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात मोलाचे आहे. त्यांनी सहभागी व्यक्तींना अक्षरे डोळ्यांनी दाखविली होती; तरीही आठवताना झालेल्या चुका मुख्यतः सारख्या ध्वनीच्या अक्षरांमध्ये होत्या. बी, सी, पी, टी, व्ही ही अक्षरे परस्परांच्या जागी आठवली जात, तसेच एफ, एम, एन, एस, एक्स हीदेखील. मनुष्य वाचलेली अक्षरेही मनात उच्चारूनच धरून ठेवतो, असा याचा आशय आहे. म्हणून फलकावर सुबक दिसणारे नाव ग्राहकाच्या तोंडून दुसऱ्यापर्यंत पोहोचताना बदलू शकते.

देवनागरीत परिस्थिती थोडी वेगळी आहे. रोमन आद्याक्षर घेताना पुढील स्वर गळून पडतो. देवनागरीत मात्र ‘शी’, ‘ता’ असे स्वरयुक्त अक्षर हाती येते. त्यामुळे मराठीत आद्याक्षरांचा उच्चारसुलभ शब्द बनण्याची शक्यता अधिक असते. मात्र असा शब्द भाषेतील दुसऱ्या एखाद्या शब्दाची आठवण करून देतो, आणि ती आठवण मालाला पोषक असेलच असे नाही.

एक कल्पित उदाहरण

समजा, प्रमोद, शीतल व तानाजी हे तिघे तालुक्याच्या गावी मसाल्यांचा व्यवसाय सुरू करीत आहेत. रोमन अक्षरांनी नाव होते ‘पी.एस.टी.’. यातील ‘पी’ व ‘टी’ हे दोन्ही वर निर्दिष्ट केलेल्या गोंधळाच्या गटातील आहेत. शिवाय महाराष्ट्रात ‘एस.टी.’ म्हटले की प्रथम बसच आठवते. मसाल्याची सूचना या नावात कोठेही नाही.

देवनागरी अक्षरांच्या सहा जुळण्या होतात : प्रशीता, प्रताशी, शीप्रता, शीताप्र, ताप्रशी व ताशीप्र. शेवटी ‘प्र’ येणाऱ्या दोन जुळण्या उच्चारास अवघड म्हणून बाद होतात. ‘ताप्रशी’ ऐकताच आरंभीचा ‘ताप’ कानावर येतो. ‘शीप्रता’ हे नाव ‘शीघ्रता’ असे ऐकले जाईल, म्हणजे स्मरणात राहील ते चुकीचेच. ‘प्रताशी’च्या मागे ‘हताश’ उभा राहतो. उरते ‘प्रशीता’. हा शब्द गोड व सोपा आहे. परंतु ‘शीत’, ‘प्रशीतक’ या शब्दांशी असलेल्या साम्यामुळे तो थंडाव्याचा बोध करून देतो. आइसक्रीमसाठी हेच नाव उत्तम ठरले असते. तिखट मसाल्यासाठी ते उलट दिशेचे आहे.

तुलनात्मक चाचणी

केवळ तर्कावर निर्णय न सोपविता अल्प खर्चाची चाचणी घेता येते. व्यवसायाशी संबंध नसलेल्या, परंतु संभाव्य ग्राहक असलेल्या सुमारे चाळीस व्यक्तींचे दोन समान गट करावेत. एका गटास ‘प्रशीता’ व दुसऱ्या गटास गावाच्या किंवा एकाच भागीदाराच्या नावावरून बेतलेले पर्यायी नाव एका साध्या वाक्यातून, एकदाच ऐकवावे. लिहून दाखवू नये. लगेच तीन प्रश्न विचारावेत : हे नाव लिहा, ते कशाचे असावे असे वाटते, ते ऐकून काय आठवते. माल कोणता ते त्यानंतरच सांगावे. दुसऱ्या दिवशी नाव न सांगता, ‘काल कोणत्या मसाल्याचे नाव ऐकले?’ असे विचारावे.

उत्तरांची नोंद ‘अचूक’, ‘चुकीचे’ व ‘आठवत नाही’ अशी तीन गटांत करावी. विसर पडणे हा दोष पुनरावृत्तीने कमी होऊ शकतो. चुकीचे आठवणे मात्र अधिक घातक, कारण ग्राहक दुकानात दुसरेच नाव मागतो. एवढ्या लहान संख्येवरून सूक्ष्म फरकांचे निष्कर्ष काढता येत नाहीत. परंतु अनेकांनी एकच चूक केली, तर तो नावातील दोष समजावा. भागीदारांनी स्वतः उत्तरे देऊ नयेत. त्यांना विस्तार ठाऊक असल्याने नाव अर्थपूर्णच वाटते.

निष्कर्ष

आद्याक्षरांचे नाव स्वभावतः स्मरणीय किंवा निरर्थक नसते. ग्राहक वारंवार व्यवहार करणारा असेल आणि नाव बहुधा लेखी स्वरूपात त्याच्यासमोर येत असेल, तर सुटी अक्षरेही चालतात. माल तोंडी शिफारशीवर विकला जाणार असेल, तर नाव एका शब्दासारखे उच्चारले जाणे, ते ऐकून अचूक लिहिता येणे आणि त्याची ध्वनिसूचना मालाच्या विरोधी नसणे, या तीन अटी आवश्यक ठरतात. तसेच बोधचिन्हांच्या नोंदणीत उच्चारसाम्यही पाहिले जात असल्याने तत्सम नावांचा शोध आधी घ्यावा.

उपरोक्त उदाहरणातील तिघांचा पेच सोडविण्याचा मार्ग कायद्यातच आहे. भागीदारी संस्थेचे नाव व मालावरील नाव एकच असावे, असे बंधन नाही. संस्थेची नोंदणी तिघांच्या आद्याक्षरांनी करावी. ते नाव करारपत्रावर, बँक खात्यावर आणि वेष्टनावरील उत्पादकाच्या लहान ओळीत राहील. वेष्टनाच्या दर्शनी भागावर मात्र चाचणीत टिकलेले नाव असावे. भागीदारांचा मान व ग्राहकाची सोय या दोन स्वतंत्र गरजा आहेत. एकाच नावाने त्या भागविण्याच्या आग्रहातूनच निरर्थक नावे जन्मास येतात.